कागद आले म्हणजे व्हेंडर झाला असं नाही

प्रश्न: नवीन व्हेंडरची नोंदणी मेलवरून करायची आहे. कोणकोणते कागद मागवू आणि बिलाबद्दल काय लिहू?

पॅन, जीएसटी सर्टिफिकेट, कॅन्सल चेक, उद्यम असेल तर तेही. यादी कुणीही देईल. ते कागद आल्यावर एकमेकांशी लावून बघायचं काम मात्र कुणाला नको असतं, आणि त्यावरून आमच्या पर्चेसच्या साहेबांशी माझं अजून वाजतं.

मी चाकणच्या एका कारखान्यात बिलं पास करतो. मागे एक फॅब्रिकेटर आला, लोखंडी रॅक बनवणारा. काम चोख, रेट बरा आणि पर्चेसला माल कालच हवा होता. त्याने एकाच मेलमध्ये सगळं पाठवलं. साहेब म्हणाले, "कागद पूर्ण आहेत, व्हेंडर कोड उघडा." पूर्ण होतेच की! पण जीएसटी नंबरात राज्याच्या 27 नंतरची दहा अक्षरं म्हणजे नोंदणी ज्याची आहे त्याचा पॅन. ती मी पॅनकार्डाशी लावली, तर जुळेनात. दोन्हींचं चौथं अक्षर पी, म्हणजे दोन्ही पॅन व्यक्तींचे. सर्टिफिकेटवर लीगल नेम वडिलांचं, कार्ड मुलाचं, आणि दुकानाचं नाव सगळीकडे तेच. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला काहीच खटकलं नसतं.

जीएसटी पोर्टलवर Search Taxpayer मध्ये नंबर टाकला. Status समोर Cancelled. मुलाला फोन केला तर म्हणाला, "बाबांनी बंद केलं ना, आता मी बघतो. नाव तर तेच आहे, साहेब." त्याच्या मनात खोट नव्हती. पण प्रोप्रायटरी धंद्यात नोंदणी माणसाच्या पॅनवर असते. मालक बदलला की नंबर नवा काढावा लागतो. ऑर्डर 4 लाखांची, 18 टक्क्यांनी जीएसटी 72 हजार. रद्द झालेल्या नंबरावर तो पुढची रिटर्न भरू शकत नव्हता, म्हणजे ते बिल आमच्या 2B मध्ये, पोर्टलवरच्या आमच्या क्रेडिटच्या यादीत, येणार नव्हतं आणि क्रेडिट बुडणार होतं. मी कोड अडवला. "तुम्ही अकाउंट्सवाले व्हेंडर पळवता," हे वाक्य तेव्हाचं. व्हेंडर कुठेही पळाला नाही. त्याने स्वतःचा नंबर काढला, रॅक दिले, आजही देतो. साहेब मात्र रॅक उशिरा आल्याचं ऐकवतात, 72 हजारांचं नाव काढत नाहीत.

म्हणून माझं स्पष्ट मत: कोड होईपर्यंत पीओ सोडायचा नाही. पीओ एकदा गेला की कागद मागण्यात काही जोर उरत नाही.

मेल छोटा ठेवा. कागद पीडीएफमध्ये मागा. अंगठा मधे आलेले मोबाइलचे फोटो नकोत. कॅन्सल चेकवर खातेदाराचं नाव छापलेलं हवं. नसेल तर बँकेचं पत्र किंवा स्टेटमेंटचं पहिलं पान. नुसता खाते नंबर मेलमध्ये टाइप करून आला तर घेऊ नका. बिलाचं त्याच मेलमध्ये लिहून टाका: बिल कुठल्या नावाने आणि आपल्या कुठल्या जीएसटी नंबरावर, पीओ नंबर बिलावर हवाच, बिल कुठल्या एकाच मेल आयडीवर पाठवायचं आणि पैसे किती दिवसांत. दिवस कधीपासून मोजायचे तेही लिहा. बिलाच्या तारखेपासून की माल स्वीकारल्यापासून, यावरच पुढे भांडणं होतात. त्यावर "मान्य आहे" असं उत्तर आल्याशिवाय कोड उघडू नका.

उद्यम सर्टिफिकेटवर सूक्ष्म किंवा लघु असेल तर तुमचं 60 किंवा 90 दिवसांचं क्रेडिट विसरा. लेखी करार असला तरी कमाल 45 दिवस, नसेल तर 15. मुदत उलटली आणि वर्षअखेर रक्कम बाकी राहिली, तर तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत इन्कम टॅक्सला वजा मिळत नाही. पर्चेसवाले हे ऐकून घेत नाहीत, आणि मार्चमध्ये धावपळ आमची होते.

हां, व्हेंडर फक्त ट्रेडर असेल तर उद्यम असूनही हा 45 दिवसांचा नियम त्याला लागत नाही. जीएसटी नोंदणीच नसलेला छोटा माणूस असेल तर तेवढं लेखी घ्या आणि पॅन, चेकवर काम भागवा. त्याला उगाच पिडू नका.

आणि पुढे कधी "आमचं बँक खातं बदललंय" असा मेल आला तर त्या मेलला उत्तर देऊन खात्री करत बसू नका. त्याचा मेल हॅक झाला असेल तर उत्तरही चोरच देईल. नोंदणीच्या वेळी घेतलेल्या नंबरवर फोन करा आणि नवा चेक मागा. म्हणून तो फोन नंबरही पहिल्याच मेलमध्ये मागून ठेवा. वरच्या यादीत तो राहिला होता.