‘आय विल हॅव फिनिश द रिपोर्ट टिल फ्रायडे’ यात फ्युचर परफेक्ट बरोबर आहे का?

नाही, पण थोडंसंच चुकलंय. ‘विल हॅव’ ठीक आहे. त्यापुढे क्रियापदाचं तिसरं रूप लागतं, म्हणजे ‘फिनिश्ड’. बोलताना शेवटचा उच्चार पुसट होतो, म्हणून लिहितानाही सुटतो. शंका आली तर तिथे ‘राइट’ घालून बघा: ‘विल हॅव रिटन’ होतं, ‘विल हॅव राइट’ नाही.

मला जास्त खटकतो तो ‘टिल’. मराठीत ‘शुक्रवारपर्यंत काम करेन’ आणि ‘शुक्रवारपर्यंत काम संपवेन’, दोन्हीकडे ‘पर्यंत’ चालतं. इंग्रजीत काम तोवर चालू राहणार असेल तर ‘टिल’, मुदतीच्या आत संपणार असेल तर ‘बाय’. म्हणून: ‘आय विल हॅव फिनिश्ड द रिपोर्ट बाय फ्रायडे.’ नुसतं आश्वासन द्यायचं असेल तर साधं ‘आय विल फिनिश इट बाय फ्रायडे’ही चालेल.