रोमन मोझॅकच्या फरशीत इतके बारीक तुकडे कापले कसे आणि बसवले कसे?

प्रश्न : रोमन काळातल्या मोझॅकमध्ये दगडाचे आणि काचेचे एवढेएवढे तुकडे कसे कापायचे? आणि दोन हजार वर्षं ते उखडले का नाहीत?

कापणं त्यातल्या त्यात सोपं. मी स्वतः मोझॅक करतो आणि आजही तीच जुनी जोडी वापरतो. लाकडाच्या ओंडक्यात धार वर करून ठोकलेली एक छिन्नी, आणि दोन्ही टोकांना धार असलेली, किंचित वाकलेली हातोडी. विळीसारखंच, धार जागेवर आणि वस्तू हातात. आधी संगमरवराच्या पातळ पट्ट्या करून घ्यायच्या. पट्टी चिमटीत धरून छिन्नीच्या धारेवर टेकवायची आणि वरून बरोबर त्याच रेषेत हलका घाव घालायचा. दगड कापला जात नाही, दोन धारांच्या मध्ये तडकतो. म्हणून जोर लागत नाही, नेम लागतो. घाव जरा बाजूला पडला की कोपरा चुरतो. ओस्टिया इथल्या एका शिल्पपटात बसून दगड फोडणारे कारागीर दिसतात, ते हेच काम करत असावेत असं मानतात.

काच वितळवून तिच्या चपट्या वड्या पाडत आणि त्या अशाच फोडत. साध्या फरशीचा तुकडा साधारण १ सेंटिमीटरचा. चेहऱ्यासारख्या नाजूक कामात तो ४ मिलिमीटरच्याही खाली जातो. सांध्यासकट ५ मिलिमीटर धरलं तरी एका चौरस मीटरला ४०,००० तुकडे होतात. म्हणून असं बारीक चित्र बरेचदा कारखान्यात, भाजलेल्या मातीच्या किंवा दगडाच्या उथळ तबकात करून घेत आणि तबकासकट फरशीच्या मध्यभागी बसवत.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र खालच्या थरांत आहे. व्हिट्रुव्हियस हा रोमन स्थपती ते तपशिलात सांगतो. तळाला मुठीएवढे दगड. त्यावर तीन भाग खडी आणि एक भाग चुना घालून केलेला कोबा, धुमसाने चोपून पाऊण रोमन फूट, म्हणजे सुमारे २२ सेंटिमीटर. त्यावर तीन भाग मडक्यांचा चुरा आणि एक भाग चुना, सहा बोटं जाड. ही आपली सुरखीच. तिच्यामुळे चुना ओलीतही घट्ट होतो. खोदकामात निघालेल्या फरश्यांचे थर अनेकदा याहून पातळ असतात. पुस्तकात लिहिलेलं आणि गवंड्याने केलेलं यात तेव्हाही फरक होताच.

यावर शेवटचा मऊ चुन्याचा पातळ थर, आणि खरी घाई इथे सुरू होते. खालचा कोबा आधी भिजवावा लागतो, नाहीतर तो वरच्या थरातलं पाणी शोषून घेतो आणि तुकडा धरतच नाही. असा भाग नंतर बोटाने ठोकला की पोकळ वाजतो. उलट चुना फार पातळ झाला तर तुकडे दाबताना तो सांध्यांतून वर येतो. म्हणून चुना मऊ असेपर्यंत भरून होईल तेवढाच भाग लिंपायचा, त्यावर आकृतीच्या रेषा काढायच्या आणि लगेच बसवायला घ्यायचं.

इस्राएलमधल्या लोद इथे हे उघड दिसलं. साधारण इ. स. ३०० च्या सुमाराची ही फरशी १९९६ मध्ये सापडली. २००९ मध्ये ती जतनासाठी उचलली, तेव्हा खालच्या चुन्यात आखणीच्या रेषा मिळाल्या आणि माणसांच्या पावलांचे ठसेही, काही अनवाणी, काही चपलांचे.

बसवताना आधी आकृतीची बाह्यरेषा, मग आतला भाग. पार्श्वभूमीची पहिली ओळ आकृतीला चिकटून, तिच्याच वळणाने फिरते, आणि त्यानंतर सरळ ओळी येतात. दोन्ही भेटतात तिथे चौकोनी तुकडा मावत नाही, मग त्रिकोणी पाचरी ठोकाव्या लागतात. संग्रहालयात गेलात तर चेहरे सोडून आधी या जागा बघा. कारागीर किती तयारीचा होता ते तिथे कळतं.

शेवटी सगळं घोटून सपाट करायचं आणि संगमरवराची भुकटी, चुना, वाळू यांनी सांधे भरायचे. काच ठिसूळ असल्याने पायाखालच्या फरशीत ती जपूनच वापरत, मुख्यतः दगडात न मिळणाऱ्या झगझगीत निळ्या-हिरव्या आणि लाल रंगांसाठी. त्यातली लाल काच तांब्यामुळे लाल असते आणि जमिनीत पडून पडून तिचा पृष्ठभाग हिरवा होतो. तेव्हा एखाद्या शिकारीच्या चित्रात जखमेतलं रक्त हिरवं दिसलं, तर ती बहुधा मुळात लाल काच होती.