अनिश्चिततेच्या रकान्यात नेमका कोणता आकडा लिहायचा?

प्रश्न: अकरावीच्या फिजिक्स प्रॅक्टिकलमध्ये साध्या लंबकाच्या तक्त्यात शेवटचा रकाना 'अनिश्चितता' असा आहे. स्टॉपवॉचचा लीस्ट काउंट ०.०१ सेकंद आहे म्हणून मी तिथे सगळीकडे ०.०१ लिहिलं, तर सरांनी लाल गोल केला. पाच रीडिंगं घेऊन सरासरी तर काढली आहे. मग तिथे काय लिहायचं?

सरांनी गोल बरोबर केला. ०.०१ ही घड्याळाची बारकाई झाली, तुमच्या अंगठ्याची नव्हे. गोळा मधल्या खुणेवरून गेलेला डोळ्यांना दिसतो आणि मग बटण दाबलं जातं. तेवढ्यात सेकंदाचा दहावा भाग तरी मागेपुढे होतोच, आणि कधी किती होईल हे आपल्या हातात नसतं. पाच वेळा मोजायचं ते याचसाठी. आकडे आपसात किती भांडतात ते बघायचं आणि ते भांडण त्या रकान्यात लिहायचं.

सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत माझी बरीच वर्षं गेली. तिथल्याच एका जर्नलमधल्यासारखी रीडिंगं घेऊन दाखवतो. लंबकाची लांबी ८०.० सेमी, म्हणजे टांगलेल्या टोकापासून गोळ्याच्या केंद्रापर्यंत. प्रत्येक वेळी २० दोलनं मोजली.

| रीडिंग | २० दोलनांचा वेळ (से.) | सरासरीपासून फरक (से.) |
|---|---|---|
| १ | ३५.८४ | ०.०८ |
| २ | ३६.०२ | ०.१० |
| ३ | ३५.९१ | ०.०१ |
| ४ | ३५.९७ | ०.०५ |
| ५ | ३५.८८ | ०.०४ |
| सरासरी | ३५.९२ | ०.०६ |

एकक फक्त वरच्या मथळ्यात आहे, ते प्रत्येक आकड्यामागे लिहायचं नाही. फरक अधिक आहे की उणे, हे सोडून द्यायचं, कारण चिन्हासकट बेरीज केली तर ती शून्याच्या आसपासच येते. पाच फरकांची सरासरी ०.०६, तोच तुमच्या रकान्यातला आकडा. पाठ्यपुस्तकात याला सरासरी निरपेक्ष त्रुटी म्हणतात. पुढे कॉलेजात प्रमाण विचलन काढायला सांगतील, अकरावीला हे पुरतं. पाचही रीडिंगं अगदी सारखी आली, तर मात्र तिथे शून्य लिहू नका. तेव्हा लीस्ट काउंट लिहायचा. तुमच्या ०.०१ ची जागा ती.

कॅल्क्युलेटर सरासरी ३५.९२४ दाखवतो. पण दुसऱ्याच दशांशात सहाची गडबड असताना तिसरा दशांश लिहिण्यात काय हशील? म्हणून ३५.९२ ± ०.०६ से. असं लिहा.

आता एका दोलनाचा काळ. दोन्ही आकड्यांना २० ने भागायचं: १.७९६ ± ०.००३ से. बरीच मुलं वेळेला भागतात आणि अनिश्चितता ०.०६ तशीच ठेवतात. मग वीस दोलनं मोजायची हमाली कशासाठी केली? अंगठ्याची चूक सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा होते, मधल्या दोलनांत ती नसते. ती वीस जणांत वाटली जाते.

गुरुत्वत्वरण काढायचं सूत्र तुम्हाला माहीत आहेच:

```
g = 4π²L/T²
```

उत्तर येतं ९.७९ मी./से.². इथे T चा वर्ग आहे, म्हणून त्याची टक्केवारी दुप्पट धरायची. १.७९६ मध्ये ०.००३ म्हणजे ०.१७ टक्के, दुप्पट ०.३३. मोजपट्टीचा एक मिलिमीटर ८० सेमीत ०.१३ टक्के. बेरीज ०.४६, अर्धा टक्का धरा. म्हणजे ९.७९ ± ०.०५. सोलापूरचं अक्षांश आणि समुद्रसपाटीपासूनची सुमारे साडेचारशे मीटर उंची धरून गणित केलं तर इथलं मूल्य ९.७८ च्या आसपास येतं, ते या पट्ट्यात आरामात बसतं. ९.८ च यायला हवं म्हणून रीडिंगं 'बसवू' नका. परीक्षकाला ते पहिल्या नजरेत कळतं.

रकाना भरायला शिकलात, आता त्या रकान्यात काय दिसत नाही तेही ऐका.

एकदा एका मुलीची पाचही रीडिंगं ३४.१ च्या आसपास, आपसातला फरक माझ्या तक्त्यापेक्षाही कमी. गुरुत्वत्वरण आलं १०.८. ती गोळा सोडतानाच 'एक' म्हणत होती. म्हणजे वीस म्हणेपर्यंत प्रत्यक्षात १९ दोलनं व्हायची. पाचही वेळा तीच चूक, त्यामुळे फरकात तिचा मागमूस नाही. घड्याळ सुरू करताना 'शून्य' म्हणायचं, हा त्यावर उपाय. मोजणीची चूक एखाद्याच वेळी झाली तर ओळखणं सोपं जातं. ३५.९ च्या रांगेत ३७.७ आला, तर फरक १.८, म्हणजे बरोब्बर एक दोलन जास्त मोजलं गेलं. असं रीडिंग खोडरबरानं पुसू नका. त्यावर एक आडवी रेघ मारा, बाजूला 'मोजणीत चूक' लिहा आणि सहावं घ्या.

दुसरी गोष्ट जरा आपल्या गावची. एका मुलाच्या घरी यंत्रमाग होता, त्यानं टॉवेलच्या सुताचा एकेरी धागा घरूनच आणला. आमच्या कपाटातल्या दोऱ्यापेक्षा तो दिसायला चांगला होता, मीही काही बोललो नाही. त्याची रीडिंगं अशी: ३५.८८, ३५.९१, ३५.९५, ३५.९९, ३६.०२. सरासरी ३५.९५, अनिश्चितता ०.०४, म्हणजे माझ्या ०.०६ पेक्षाही सरस. उत्तरही ९.७७ असं देखणं आलं. पण आकडे क्रमानं वाचा. एकही मागे आलेला नाही, प्रत्येक जण आधीच्याच्या पुढे. अंगठ्याची चूक अशी रांगेत उभी राहत नाही.

मी त्याला लांबी पुन्हा मोजायला लावली. सुरुवातीला ८०.० होती, आता ८०.६ भरली. एकेरी सुताचा पीळ गोळ्याच्या वजनानं उकलत होता, गोळा झोके घेताना स्वतःभोवतीही हळूहळू फिरत होता आणि धागा लांबत चालला होता. सरासरी काढली की हा चढ गडप होतो. म्हणून रीडिंगं घेतली त्याच क्रमानं लिहायची, नंतर 'नीट' तक्ता करताना लहान-मोठी लावायची नाहीत. आणि लांबी प्रयोगाआधी एकदा, नंतर एकदा अशी दोनदा मोजायची. पीळदार दुहेरी दोरा लावल्यावर त्याचा चढ थांबला, आकडे पुन्हा वर-खाली व्हायला लागले.

जाता जाता, बोर्डाची प्रॅक्टिकल होतात तेव्हा सोलापुरात ऊन तापायला लागलेलं असतं आणि पंखा बंद करा म्हटलं की वर्ग कुरकुरतो. तरी बंद करायचाच. वाऱ्यानं गोळा सरळ रेषेत न झुलता लंबगोल फिरायला लागला की ते रीडिंग धरायचं नाही, गोळा थांबवून पुन्हा सोडायचा.