कूलर कुणाचा, मिक्सर कुणाचा

"मॅडम, आम्ही तिघी एका फ्लॅटमध्ये राहतो. आता फ्लॅट सोडायचाय आणि कुणाचं काय यावरून रोज किरकिर चाललीय. लिस्ट करूया म्हणलं तर एक म्हणते, एवढाही विश्वास नाही का आपला?"

जुळे सोलापूरकडून, विजापूर रोडकडून माझ्याकडं सल्ल्याला येणारी नोकरीवाली पोरं-पोरी वर्षातून कितीतरी वेळा हेच विचारतात, म्हणून यातल्या एका तिघींचं सांगते. नावं बदललीत.

रेश्मा, तेजश्री, अश्विनी. घरमालकाला फ्लॅट विकायचा होता, त्यामुळं तिघींनाही निघायचं होतं. लिस्ट तेजश्रीनं मोबाईलवर केलेली, पण त्यात फक्त वस्तू आणि शेजारी एक नाव. कूलरसमोर तेजश्री, कारण दुकानात पैसे तिनं दिले होते, बाकी दोघींनी तिला आपापला हिस्सा नंतर दिला हे कुठंच नाही. गॅससमोर अश्विनी, कारण कनेक्शन तिच्या नावावर, पण डिपॉझिट तिघींनी भरलेलं. ते परत मिळणार अश्विनीच्याच हातात, म्हणजे लिस्ट बघितली तर सगळं तिचंच. भांडण लागणारच हो! नाव कुणाचं आणि पैसा कुणाचा हे दोन वेगळे रकाने लागतात.

मी त्यांना माझ्यासमोर बसूनच नवी लिस्ट करायला लावली, एकीनं वस्तूचं नाव मोठ्यानं घ्यायचं, बाकीच्यांनी आठवेल ते सांगायचं. वस्तू, कधी आणली, पैसे कुणी किती दिले, घरून आणलेली का, नंतर दुरुस्तीला कुणी खर्च केला. मिक्सर रेश्माच्या आईनं पाठवलेला, तो सरळ तिचा, वापरला तिघींनी असला तरी. चादरी ज्याच्या त्याच्या. सगळं बरं चाललं होतं आणि मग पाण्याचे ड्रम आले.

दोनशे लिटरचे दोन प्लॅस्टिकचे ड्रम. आपल्याकडं पाणी काही दिवसाआड येतं, त्यामुळं ड्रम नसले तर घर चालत नाही. तेजश्री म्हणाली, "ड्रमचं काय, विकून टाकू, तीन हिस्से करू." रेश्मा एकदम गप्प झाली. मी विचारलं, पाणी कोण भरायचं?

"मीच," रेश्मा म्हणाली, "पहाटे पाणी यायचं, या दोघी झोपलेल्या. दोन वर्षं मीच उठले. आता लिस्टमध्ये माझ्या नावावर फक्त मिक्सर."

अश्विनी म्हणाली, "अगं, तू कधी बोलली नाहीस."

"बोलायला कशाला पाहिजे होतं?"

इथं मी थांबले, घाई केली नाही. माझा कल घरातल्या माणसांची एकमेकांशी असलेली बांधणी बघण्याकडं असतो, त्यामुळं कूलरच्या वादात रेश्मा इतकी का अडून बसलीय हे मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं, कारण तिला कूलर नकोच होता, ती पुण्याला चालली होती. पहाटेच्या उठण्याला रुपयात मोजायचं नाही असं मी स्पष्ट सांगितलं. मोजलं की अश्विनी स्वयंपाक मोजणार, तेजश्री लाइट बिलाची धावपळ मोजणार. ते तोंडानं बोलायचं, लिस्टबाहेर. दोघींनी तिला सॉरी म्हणलं, तेजश्री रडली पण. दोन्ही ड्रम रेश्माला देऊ असं त्याच म्हणाल्या, तर ती म्हणाली, "पुण्याला कुठं नेऊ? तुम्हीच एकेक घ्या." त्यानंतरची वाटणी अर्ध्या तासात झाली, आणि असं घडताना बघणं हे मला माझ्या कामातलं सगळ्यात समाधानाचं वाटतं.

कूलरची रीत तुम्हालाही वापरता येईल. नवा नऊ हजारांचा, दोन उन्हाळे वापरलेला. प्रत्येकीनं चिठ्ठीवर गुपचूप लिहायचं, तुझ्या मते आज त्याची किंमत किती. रेश्मा ३,०००, अश्विनी ३,६००, तेजश्री ४,५००. सगळ्यात जास्त लिहील तिनं कूलर न्यायचा आणि तिच्याच आकड्याचे हिस्से बाकीच्यांना द्यायचे. तेजश्रीनं दोघींना दीड-दीड हजार दिले. रेश्माच्या हिशोबानं तिचा हिस्सा हजार होता, अश्विनीच्या हिशोबानं बाराशे, म्हणजे दोघींनाही जास्तच मिळाले. गेल्या वर्षी अश्विनीनं पंप बदलायला सहाशे घातले होते, ते वेगळे, दोघींनी तिला दोन-दोनशे दिले. पण सगळ्यांनी खरा आकडा लिहिला तरच ही रीत चालते, आणि ज्याचा हात तंग असतो तो हवी असलेली वस्तूही कमी लिहितो, तेव्हा पैसे हप्त्यानं द्यायची सोय आधीच बोलून घ्यावी लागते.

आता अश्विनी होटगी रोडला दोन नव्या मुलींसोबत राहते. पहिल्याच दिवशी तिनं लिस्ट केली, त्यात घरमालकाचा गीझर आणि पंखे सगळ्यात वर, वेगळे लिहून घेतलेत. आणि पाणी कुणी कोणत्या पाळीला भरायचं हे तिघींनी मिळून आधीच ठरवलंय.