दुकानाच्या पाटीवरची स्पेलिंगची चूक कशी कळवावी?

नागपुरात महाल भागातल्या आमच्या ओळखीच्या दुकानदाराने नवी पाटी लावली, त्यावर स्टेशनरीचं इंग्रजी स्पेलिंग चुकलंय. न दुखावता पत्र कसं लिहू?

चूक एकाच अक्षराची असणार: आठवं अक्षर ई हवं, तिथे ए पडलाय. ए घातला की अर्थ होतो 'जागचा न हलणारा'. स्पेलचेक हे पकडत नाही, कारण तोही खरा शब्दच आहे. म्हणून पत्रात दोष डिझाइनवाल्याच्या कॉम्प्युटरवर ढकलता येतो, आणि ते खोटंही नाही.

पत्र बंद पाकिटात, गिऱ्हाईक नसताना द्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाटीचा फोटो नको, तो फिरतो. मी असं लिहीन:

"भाऊ, सप्रेम नमस्कार. नवी पाटी लांबूनही ठसठशीत दिसते. एक बारीक गोष्ट नजरेस पडली, ती तुमच्याच कानावर घालतो. इंग्रजी 'स्टेशनरी'त एननंतर ए आलाय, तिथे ई पाहिजे. ए घातला की वेगळाच शब्द होतो. दोन्ही शब्द खरे आणि उच्चाराला सारखे, त्यामुळे डिझाइनवाल्याच्या कॉम्प्युटरलाही चूक कळत नाही, भल्याभल्यांची गल्लत होते. बिलबुक छापायला देण्याआधी कळावं म्हणून लिहिलं. राग नसावा."

बिलबुकाचं वाक्य गाळू नका, कारण चूक तिथूनच पुढे पसरते. पाटी सुटी अ‍ॅक्रिलिक अक्षरं चिकटवलेली असेल तर एकच अक्षर बदलून भागतं. फ्लेक्स असेल तर त्याच रंगाच्या विनाइलचा तुकडा वर चिकटवतात, पण नागपूरच्या उन्हात जुना रंग उडाला की ठिगळ उठून दिसतं. म्हणून पाटी नवी आहे तोवरच सांगा. पत्रात मात्र हा खर्चाचा हिशेब नको. त्यांनी विचारलं तरच बोला.