घरी असताना तरी फोनने सारखा पिन मागू नये, काय करू?

प्रश्न: अँड्रॉइड फोन आहे, मिनिटभर हात लावला नाही की लॉक होतो, पोळ्या लाटताना रेसिपी बघायची तर पिठाच्या हाताने दहा वेळा पिन टाका. घराचं लोकेशन ट्रस्टेड प्लेस म्हणून टाकू का?

मुंबईत राहत असाल तर ट्रस्टेड प्लेस नका लावू. गूगल स्वतःच सांगतं की ती जागा अंदाजे असते आणि फोन साधारण 80 मीटरपर्यंत अनलॉक राहू शकतो. आमच्या लालबागच्या चाळीत 80 मीटर म्हणजे आमची खोली, चारही मजले, खालचा वाणी आणि समोरची अर्धी गल्ली. मी लावलं होतं. एकदा वाण्याकडे साखर घ्यायला गेले, फोन गल्ल्याशेजारी ठेवला, बटण दाबून स्क्रीन बंद केली आणि विसरून वर आले. दहा मिनिटांनी त्याचा पोऱ्या फोन घेऊन आला, मी सहज स्वाइप केलं तर पिन न मागता सरळ व्हॉट्सअ‍ॅप उघडं! तेव्हा सेटिंग्ज नीट वाचल्या, तर Power button instantly locks च्या खालीच बारीक अक्षरात लिहिलेलं की Extend Unlock ने, म्हणजे ट्रस्टेड प्लेस ज्या सोयीचा भाग आहे तिने, उघडा ठेवलेला असेल तर बटणाने लॉक होणार नाही. जुन्या फोनवर त्याला Smart Lock म्हणतात, गोष्ट तीच.

तुमचं काम खरं तर त्याच्याशिवाय होतं. स्क्रीन बंद होणं आणि फोन लॉक होणं ही दोन वेगळी घड्याळं आहेत. डिस्प्लेमध्ये Screen timeout 2 मिनिटं ठेवा, मग सिक्युरिटीत Screen lock च्या शेजारच्या गिअरवर टॅप करून Lock after screen timeout 5 मिनिटं करा (कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात). म्हणजे स्क्रीन काळी झाली तरी पुढची पाच मिनिटं नुसतं स्वाइप केलं की रेसिपी समोर, आणि तिथलंच पॉवर बटणवालं ऑन असलं की बाहेर पडताना बटण दाबलं की लगेच लॉक.

तरीही जास्त वेळ हवा असेल तर त्यातलंच ट्रस्टेड डिव्हाइस लावा, म्हणजे ब्लूटूथने जोडलेली वस्तू जवळ असेपर्यंत फोन उघडा राहतो, पण हातातलं घड्याळ किंवा बँडच, घरातला स्पीकर नको, कारण तो घरीच राहतो आणि त्याच्या ब्लूटूथच्या टप्प्यात कोणीही फोन उचलला तरी उघडाच. आधी एकदा पिन टाकावाच लागतो, मग जास्तीत जास्त 4 तास चालतं, रीस्टार्टनंतर परत पिन. घड्याळाचंही ब्लूटूथ लांबवर पोचतं हो, लोकलच्या गर्दीत खिशातून फोन गेला तर चोर त्याच डब्यात असेपर्यंत तो उघडा असू शकतो. म्हणून मी स्टेशनच्या जिन्यावरच पॉवर मेनूतून Lockdown दाबते, त्याने फिंगरप्रिंटसकट सगळं बंद होतं आणि पुढच्या वेळी पिनच लागतो.