पाण्याचा ग्लास आणि हाबरमास

प्रश्न: जर्मन तत्त्वज्ञ हाबरमास म्हणतो की नुसती कारणं देऊन सगळ्यांचं एकमत होऊ शकतं. असं कधी कुठे झालंय का, की निव्वळ पुस्तकी आदर्श आहे?

एकमत होईलच असं तो म्हणतच नाही, बहुतेकांची गफलत तिथेच होते. मी एमएला तत्त्वज्ञान घेतलं होतं तेव्हा माझीही झाली होती. त्याचं संवादी कृतीवरचं १९८१ चं दोन खंडांचं पुस्तक वाचताना दर तिसऱ्या पानाला झोप यायची, पण त्यातलं एक उदाहरण डोक्यात पक्कं बसलंय.

सेमिनार चालू आहे, प्रोफेसर समोरच्या एकाला म्हणतात, जरा मला ग्लासभर पाणी आणून द्या. आता हा माणूस तीन तऱ्हेने नाही म्हणू शकतो. एक, "सर, मी काय तुमचा शिपाई आहे का?" म्हणजे मला असं सांगायचा तुमचा हक्कच नाही. दोन, "तुम्हाला तहान-बिहान काही नाही, सगळ्यांसमोर मला खाली दाखवायचंय." म्हणजे तुमचा हेतू खोटा. तीन, "नळ इतका लांब आहे की जाऊन येईपर्यंत सेमिनार संपेल." म्हणजे तुम्ही धरून चाललाय ती वस्तुस्थितीच चूक. हाबरमासचं म्हणणं असं की साधं पाणी मागितलं तरी आपण हे तिन्ही दावे गपचूप करत असतो, की हे योग्य आहे, मी मनापासून बोलतोय आणि परिस्थिती मी म्हणतो तशी आहे, आणि कोणी विचारलंच तर कारण देईन अशी जणू हमीही देऊन ठेवतो. समोरच्याने ते पटवून घेऊन "आणतो" म्हटलं तर ती संवादी कृती.

पण इंटर्नलचे मार्क याच सरांच्या हातात आहेत म्हणून "आणतो" म्हटलं तर? शब्द तोच, पाणीही तेच, पण ते एकमत नाही. तो त्याला डावपेची कृती म्हणतो, त्यात धमकी, आमिष, लपवाछपवी सगळं आलं. फरक ओळखायचा तर "का?" विचारून बघायचं. पहिल्या प्रकारात उत्तर मिळतं, दुसऱ्यात "मग बघतो तुला."

म्हणजे आदर्श कुठे दूर आकाशात नाही, तो वाद घालण्याच्या आतच आहे. कोणालाही भाग घेता यावा, कशावरही शंका काढता यावी, कोणावर दडपण नसावं, हे सगळं गृहीत धरल्याशिवाय "माझं बरोबर आहे, पटवून देतो" या वाक्याला अर्थच उरत नाही. प्रत्यक्षात या अटी कधीच पूर्ण होत नाहीत, ते त्यालाही माहीत आहे. आधी तो याला आदर्श संवाद-परिस्थिती म्हणायचा, पण लोकांना वाटायला लागलं की हा असा समाज उभा करायचा नकाशाच आहे, म्हणून पुढे त्यालाच तो शब्द खटकायला लागला.

लोकावकाश, म्हणजे लोक एकत्र येऊन सार्वजनिक प्रश्नांवर बोलतात ती जागा, त्यावरचं त्याचं पुस्तक त्याआधीचं, १९६२ चं. त्यात अठराव्या शतकातली लंडनची कॉफी-हाउसं येतात, जिथे निदान तत्त्वतः तरी बोलणाऱ्याचा हुद्दा बाजूला ठेवून त्याचा मुद्दा बघायचा असा रिवाज होता. पण तिथल्या चर्चेत बायकांना जागा नव्हती आणि गरीब, अशिक्षित माणूसही बहुतेक बाहेरच राहायचा. अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझरने १९९० मध्ये याच मुद्द्यावर त्याला धरलं, की हुद्दा बाजूला ठेवलाय असं नुसतं म्हटल्याने तो जात नाही, उलट झाकला जातो. मला ही टीका पटते. फक्त ती करतानाही आपण "सगळ्यांना बोलता यायला हवं होतं" हाच निकष वापरतो, ही गंमत लक्षात घ्या.

आता तुमचं "कधी झालंय का". आमच्या सोसायटीत लिफ्टच्या खर्चावरून भांडण झालं, तळमजल्यावाले म्हणाले आम्ही वापरतच नाही, शेवटी त्यांनी अर्धा वाटा द्यायचा ठरलं, वरच्यांनी मान्य केलं कारण काहीतरी मिळालं, खालच्यांनी केलं कारण कटकट मिटली. हाबरमासच्या हिशोबात ही तडजोड, कारण दोघांची कारणं वेगवेगळी. त्याला हवं ते एकमत म्हणजे तेच कारण दोघांनाही पटणं, आणि ते असं मीटिंगमध्ये क्वचितच होतं.

मग मतदानाचं काय? इथे तो युलिउस फ्रोबेल नावाच्या जर्मन लेखकाचा १८४७ मधला विचार उचलतो. बहुमताने ठरलं म्हणजे अल्पमतवाल्यांनी आपली चूक कबूल केली असं नाही, त्यांनी मत सोडायचं नाही, फक्त आपली कारणं नीट मांडून पुरेशी मतं मिळेपर्यंत अंमलबजावणीचा हट्ट सोडायचा. म्हणजे मतदान हा वाद मधेच थांबवण्याचा प्रकार, कारण निर्णय तर आज घ्यावाच लागतो. आमचे तळमजल्यावरचे काका दर एजीएमला लिफ्टचा विषय परत काढतात, लोक कपाळाला हात लावतात, पण फ्रोबेलच्या हिशोबाने त्यांचं काही चुकत नाही.